भाकरीतलं लोह अंगी लागावं म्हणून: ज्वारी, कडधान्य आणि फायटिक आम्ल

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि जेवण संपलं न संपलं तोच चहा. विदर्भातल्या खेड्यातलं हे ताट कागदावर मोजलं तर त्यात लोह कमी दिसत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह आणि २ मिलिग्रॅम झिंक, म्हणजे जस्त असतं. डाळीतलं वेगळं. दिवसाला तीन-चार भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटात नुसत्या ज्वारीतून आठ ते अकरा मिलिग्रॅम लोह जातं. तरी हिमोग्लोबिन वर सरकत नाही. याला कारणं बरीच असतात. त्यातलं जे चुलीपाशी हाताळता येतं, ते म्हणजे धान्यातलं फायटिक आम्ल.

दाण्याला पुढं रोप व्हायचं असतं. त्या रोपासाठी लागणारा फॉस्फरस तो ज्या रूपात साठवून ठेवतो, ते हे आम्ल. दाण्यातल्या एकूण फॉस्फरसपैकी दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त याच रूपात असतो. त्याच्या एका रेणूवर सहा फॉस्फेट लटकलेले असतात आणि लोह, जस्त, कॅल्शियम यांना ते चिमट्यासारखे पकडतात. ही जोडी आतड्यात विरघळत नाही. तिला तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाहीच. म्हणून धरलेलं लोह तसंच बाहेर पडतं. तोडणाऱ्या विकराचं नाव फायटेज. ते धान्यातच असतं, कुठं जास्त, कुठं कमी. ते जागं करायचं, त्याला वेळ द्यायचा आणि वेळेआधी मारायचं नाही, एवढ्यावर पुढची सगळी कृती उभी आहे.

आधी हिशेब, कारण त्यावरच पद्धत ठरते

फायटेट, म्हणजे खनिजाला धरून बसलेलं हेच फायटिक आम्ल, आणि खनिज यांचं वजन सरळ ताडून पाहिलं तर काही कळत नाही, रेणूंची संख्या ताडावी लागते. हिशेब सोपा आहे. फायटेटच्या मिलिग्रॅमला ६६० ने भागा, लोहाला ५६ ने, जस्ताला ६५ ने. मग पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा.

१०० ग्रॅम ज्वारीत फायटेट साधारण ५५० मिलिग्रॅम असतं. ५५० भागिले ६६० म्हणजे ०.८३. लोह ४ भागिले ५६ म्हणजे ०.०७. म्हणजे लोहाच्या एका कणामागे फायटेटचे जवळजवळ बारा रेणू. जस्ताचा हिशेब २ भागिले ६५ म्हणजे ०.०३, तिथं गुणोत्तर सत्तावीसच्या आसपास जातं.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? जस्तासाठी गुणोत्तर १५ च्या वर गेलं की शोषण वाईट मानतात, ५ ते १५ मध्यम आणि ५ च्या खाली चांगलं. लोहाची अट फार कडक आहे. नुसतं धान्य-डाळीचं जेवण असेल तर गुणोत्तर १ च्या खाली, जमलं तर ०.४ च्या खाली हवं. सोबत क जीवनसत्त्व किंवा मांस-मासळी असेल तर ६ पर्यंत चालतं.

लोहाच्या बाबतीत ही अट इतकी कडक का, हे १९८९ साली स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगातून दिसतं. फायटेट नसलेल्या पावात त्यांनी मोजून फायटेट घातलं. सुमारे ७ मिलिग्रॅम फायटिक आम्लाने लोहाचं शोषण १८ टक्क्यांनी घटलं, सुमारे ९० मिलिग्रॅमने ६४ टक्क्यांनी आणि सुमारे ८९० मिलिग्रॅमने ८२ टक्क्यांनी. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग पहिल्या थोड्या फायटेटनेच होऊन जातो, नंतर भर घातली तरी फरक कमी पडतो. सत्तर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ३८५ मिलिग्रॅम असतं. ते अर्धं केलं तरी १९० उरतं, म्हणजे ९० च्या वरच.

म्हणून "डाळ भिजवली, आता लोह दुप्पट मिळेल" असं कुणी सांगितलं तर ते खरं धरू नये. अर्धं फायटेट घालवल्याने जस्ताचं गुणोत्तर २७ वरून साडेतेरावर येतं, म्हणजे वाईट गटातून मध्यम गटात. तो खरा फायदा आहे. लोहाचं गुणोत्तर मात्र बारावरून सहाच्या उंबरठ्यापर्यंतच येतं, आणि तिथं क जीवनसत्त्वाची जोड नसेल तर फारसं काही हाती लागत नाही. दोन्ही कामं एकाच ताटात व्हायला हवीत. एक सोडून दुसरं केलं की निम्मी मेहनत वाया जाते.

ज्वारी नुसती भिजवून भागत नाही

गव्हात फायटेज भरपूर असतं. ज्वारी, मका आणि तांदूळ यांत फारच कमी. शिवाय अख्खा दाणा भिजवला तर पाणी आत जायला वेळ लागतो आणि आतलं थोडंसं विकर रात्रभरात फार काही करू शकत नाही. अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून, वाळवून दळायची मेहनत अंगावर घ्यावी अशी ती नाही. पीठ भिजवणं वेगळं. दळल्यावर पाणी, विकर आणि फायटेट यांची थेट गाठ पडते.

चक्कीवरून आणलेलं पीठ चाळून कोंडा टाकला तर? फायटेट थोडं जातं, पण लोह आणि जस्तही त्याच थरांत आणि कोंबात असतं, तेही जातं. गुणोत्तर जागच्या जागी राहतं आणि ताटातलं खनिज कमी होतं. पॉलिश केलेल्या तांदळाचंही तेच आहे. चाळणी ठेवायची असेल तर खडे-कचरा काढण्यापुरती ठेवावी.

भाजण्याने आणि लाह्या फोडण्यानेही काम होत नाही. फायटिक आम्ल उष्णतेला चिवट असतं. कुकरच्या शिट्ट्यांनी ते फारसं हलत नाही. उलट भाजल्याने फायटेज मरतं. म्हणून भाजणीचं पीठ नंतर कितीही वेळ भिजवलं तरी त्यात विकराचं काम होत नाही. आंबवायचं, भिजवायचं ते आधी. आच नंतर. हा क्रम उलटला की सगळी कृती निकामी होते.

भाकरीचं पीठ: गव्हाचं विकर ज्वारीला

ज्वारीत फायटेज फारच कमी आणि गव्हात भरपूर, तर गव्हाचं थोडं पीठ ज्वारीत घालून त्याचं विकर वापरता येतं. त्याला दोन गोष्टी लागतात. किंचित आंबटपणा, म्हणजे पीएच साधारण ५ ते ५.५, आणि ४५ ते ५५ अंशांची ऊब. साठ अंशांच्या वर विकर मरायला लागतं.

अडचण अशी की ज्वारीची भाकर थापायला उकळतं पाणी लागतं. आधणाच्या पाण्यात पीठ मळल्याशिवाय चिकटपणा येत नाही आणि कडा फाटतात. आधण घातलं की विकर मेलं. म्हणून पीठ दोन हिश्शांत करायचं. साधारण आठ भाकरींचं माप असं.

निम्मं पीठ, म्हणजे २५० ग्रॅम ज्वारीचं, एका गंजात घ्या. त्यात ५० ग्रॅम गव्हाचं कोंड्यासकट दळलेलं पीठ मिसळा. हे पीठ न भाजलेलं आणि फार जुनं नसलेलं हवं. मैदा चालत नाही, कारण विकर बाहेरच्या थरांत जास्त असतं आणि मैद्यात ते थर नसतात.

आता कोमट पाणी. थर्मामीटर लागत नाही. एक भाग उकळतं पाणी आणि दोन भाग साधं पाणी मिसळलं की पन्नासच्या आसपास येतं. ३०० मिलिलिटर हवं असेल तर शंभर उकळतं, दोनशे साधं. आधी पाणी मिसळा, मगच पिठात ओता. उकळतं पाणी थेट पिठावर पडलं तर जिथं पडलं तिथलं विकर संपलं. पीठ मिसळल्यावर ऊब पंचेचाळीसच्या जवळ उतरते आणि बोटाला सोसते. हिवाळ्यात माठातलं पाणी थंड असतं, तेव्हा साध्या पाण्याचा भाग थोडा कमी करा.

त्यात दोन मोठे चमचे आंबट ताक घाला. आदल्या दिवसाचं आंबवण वाटीभर राखून ठेवलेलं असेल तर ते आणखी चांगलं, त्यात आंबवणारे जिवाणू तयारच असतात. मीठ आत्ता नको. खाण्याचा सोडा तर अजिबात नको, तो आंबटपणा मारतो आणि पीएच विकराला नको तिकडं जातो.

गंजावर ताट झाका, गोणपाटात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा. किमान चार तास, शक्य असेल तर रात्रभर. उन्हाळ्यात विदर्भात रात्रीचीही हवा तापलेली असते, तेव्हा सहा तासांत पीठ आंबतं आणि त्याहून जास्त ठेवलं तर भाकर खाता येणार नाही इतकी आंबट होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्रभर ठेवूनही कमी पडतं, तेव्हा चुलीच्या उबेला ठेवावं आणि ताक थोडं जास्त घालावं.

सकाळी पीठ सैलसर झालेलं, वर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा वास, एवढं दिसलं की झालं. पीएच पट्टी मिळाली तर ती पाचच्या आसपास दाखवते. मात्र हे फक्त आंबल्याची खूण सांगतं, फायटेट किती गेलं ते घरी मोजता येत नाही. वास कुजका किंवा रंगाचे ठिपके दिसले तर टाकून द्यायचं, उकळून वापरायचं नाही.

उरलेलं २५० ग्रॅम ज्वारीचं पीठ आता परातीत घ्या, त्यात २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतून उलथन्याने उकड करा. हाताला सोसेल इतकी निवाली की त्यात आंबवलेलं पीठ आणि चवीपुरतं मीठ घालून मळा. झाकून अर्धा तास ठेवा. या अर्ध्या तासात आंबवण्यातलं विकर उकडीतल्या पिठावरही काम करतं, म्हणून उकड निवायच्या आधी घाई करू नये. मग नेहमीसारखी भाकर थापा. पीठ सैल वाटलं तर हाताला कोरडं पीठ लावा, परातीत कोरडं पीठ ओतून मळू नका, नाहीतर न आंबलेलं पीठ तितकंच वाढतं.

चव थोडी आंबूस लागते. घरच्यांनी नाक मुरडलं तर रात्रभराऐवजी चार तास ठेवा आणि ताक एक चमचा करा, आंबटपणा कमी होतो.

ज्यांना भाकरीची ही खटपट नको, त्यांना आंबील सोपी पडते. ज्वारीचं पीठ, त्याच्या दहावा हिस्सा गव्हाचं पीठ, ताक आणि कोमट पाणी याच मापाने रात्रभर ठेवायचं आणि सकाळी भरपूर पाणी घालून शिजवायचं. उकळी नंतर येते, तोवर विकराचं काम झालेलं असतं. आंबील लोखंडी कढईत शिजवली तर आंबटपणामुळे कढईतलं लोह थोडं उतरतं. रंग काळसर येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण हे लोहही त्याच फायटेटच्या तावडीत सापडतं, म्हणून कढईच्या भरवशावर आंबवणं टाळू नये.

गहू खाणाऱ्यांचं काम त्याहून हलकं. कणीक भिजवताना चमचाभर दही घालून, झाकून दोन-तीन तास उबेला ठेवली तरी गव्हाचं स्वतःचं विकर कामाला लागतं. कणीक भिजवून लगेच पोळी लाटली तर त्याला वेळच मिळत नाही.

कडधान्य: मोड काढायचे, डाळीला भिजवून पाणी टाकायचं

कडधान्यात फायटेट सालीत नसतं, डाळिंब्यांत असतं. म्हणून तुरीची साल काढून डाळ केल्याने फायटेट घटत नाही. सालीतला तुरटपणा देणारा टॅनिनचा भाग जातो, एवढाच फायदा. डाळीचा कोंब गेलेला असतो, तिला मोड येत नाहीत. तिथं एकच उपाय, दोन-तीन तास भिजवून ते पाणी टाकणं. फायटेटचा काही भाग पाण्यात उतरतो. फार नाही, पण तो उतरलेला भाग वरणात परत घालण्यात अर्थ नाही. भाजलेल्या तुरीची डाळ असेल तर तेवढ्यावरच समाधान मानावं.

अख्खी मूग, मोट, बरबटी, हरभरा यांचं मात्र सोनं होतं. मोड येताना दाणा स्वतःच फायटेज तयार करतो, कारण त्याला त्या फॉस्फरसची आता गरज असते. पाव किलो मूग स्वच्छ धुऊन, दाण्याच्या तिप्पट पाण्यात आठ ते दहा तास भिजवा. पाणी काढून टाका, दोनदा धुवा आणि ओल्या सुती कापडात बांधून टांगून ठेवा. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत, हिवाळ्यात दोन दिवसांत एक सेंटिमीटरभर मोड येतात. दिवसातून दोन-तीनदा कापडावर पाणी शिंपडा.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. मोडाचं टोक दिसलं की काहीजण लगेच शिजवायला घेतात, तेव्हा विकर नुकतं वाढू लागलेलं असतं. मोड सेंटिमीटरभर होईपर्यंत थांबावं. दुसरी चूक म्हणजे पिशवी पाण्यात ठेवून चिकट, आंबूस वास येईपर्यंत विसरणं. मोडात वाढणारे जिवाणू पोटाला त्रास देतात, म्हणून मोड आलेलं कडधान्य धुऊन पाच-सात मिनिटं वाफवावं, कच्चं खाऊ नये. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यासाठी तर वाफवलंच पाहिजे.

काही घरी कडधान्य तीन शिट्ट्या देऊनही दगडच राहतं. यामागे फायटेटच असतं, पण उलट्या वाटेने. उन्हाळ्याच्या उष्ण, दमट कोठीत वर्षभर पडलेल्या दाण्यात फायटेट हळूहळू मोडतं आणि त्याने धरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटून पेशींच्या पेक्टिनला जोडलं जातं. दाणा कडक होतो. बोअरच्या जड पाण्याने ते आणखी वाढतं. अशा वेळी हात सोड्याकडे जातो. शिजवताना चिमूटभर चालेल, पण भिजवण्याच्या किंवा मोड काढण्याच्या पाण्यात टाकू नये. नवं कडधान्य कोरड्या, थंड जागी ठेवणं हाच त्यावर खरा उपाय.

ज्वारीला मोड काढताना एक धोका

मोडाचा एवढा गुण ऐकल्यावर ज्वारीला मोड काढून तिचं पीठ करावं असं वाटणं साहजिक आहे. इथं सावध राहायला हवं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते मोडलं की हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीचा पाला खाऊन जनावरं दगावतात ती याच विषाने. दाण्यात ते नसल्यासारखं असतं, पण मोड आल्यावर कोंब-मुळांत वाढतं.

म्हणून ज्वारीचे मोड कडधान्यासारखे खायचे नाहीत. सत्व करायचंच असेल तर मोड आल्यावर कडक उन्हात कोरडं कडकडीत वाळवा, तळव्यात चोळून कोंब आणि मुळं पूर्ण गळू द्या, सुपाने पाखडून फेकून द्या, आणि उरलेला दाणाच दळा. पीठ नंतर शिजवूनच खा. पाखडलेला कोंब जनावरांपुढं टाकू नका. लहान मुलांच्या खिरीसाठी गहू किंवा नाचणीचं सत्व वापरावं, तिथं हा प्रश्न येत नाही. मोडाच्या गव्हाचं सुकवून दळलेलं पीठ वाटीभर कोमट खिरीत चमचाभर घालून, वीस मिनिटं ठेवून मग उकळलं तर फायटेजही काम करतं आणि खीर पातळही होते, म्हणून मुलाला दाट खीर तेवढ्याच घोटांत जास्त भरवता येते.

ताटातलं क जीवनसत्त्व: चमचाभर लिंबू पुरत नाही

क जीवनसत्त्व लोहाला विद्राव्य रूपात ठेवतं आणि फायटेटच्या तावडीतून सोडवतं. मात्र ते लोहाच्या प्रमाणात हवं. फायटेट कमी केलेल्या जेवणात लोहाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे साधारण ६ मिलिग्रॅम, आणि भरपूर फायटेट असलेल्या जेवणात १२ ते १३ मिलिग्रॅम धरतात.

एका वेळच्या दोन भाकरींचा हिशेब करू. १४० ग्रॅम ज्वारीत साडेपाच मिलिग्रॅम लोह. आंबवलेलं पीठ असेल तर ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, नुसत्या पिठाच्या भाकरीला ७० च्या आसपास. एका लिंबाच्या रसातून साधारण १० ते १५ मिलिग्रॅम मिळतं. वरणावर पिळलेली लिंबाची फोड त्याची चव वाढवते, लोहासाठी ती अपुरी असते.

खरी भरपाई करतात ती फळं. १०० ग्रॅम जामात, ज्याला बाकीचा महाराष्ट्र पेरू म्हणतो, त्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा जाम एका वेळच्या जेवणाला पुरतो. एक मध्यम संत्रा चाळीस-पन्नास मिलिग्रॅम देतो. नागपुरी संत्र्याचा अंबिया बहार थंडीत येतो आणि मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे वर्षातले बरेच महिने घरापाशी सोय असते. आवळा तर एकच पुरे. उन्हाळ्यात कच्ची कैरी, आणि एरवी दोन टोमॅटो कापून भाकरीसोबत घ्या.

फळ जेवणाच्या सोबत किंवा लगेच नंतर खायचं. दुपारी चार वाजता खाल्लेला जाम रात्रीच्या भाकरीला मदत करत नाही. क जीवनसत्त्व उष्णतेत आणि साठवणीत उडतं, म्हणून ते कच्चं हवं. लिंबू वाफवलेल्या मुगावर आचेवरून उतरवल्यानंतर पिळा. आवळ्याचा मुरंबा किंवा वाळवलेली सुपारी यांचा हिशेब ताज्या आवळ्यात धरू नका. आणि हे जस्ताला मदत करत नाही, जस्तासाठी फायटेटच कमी करावं लागतं. म्हणूनच भाकरीच्या पिठाचं काम टाळता येत नाही.

मांसाहार करणाऱ्या घरात थोडं मटण, मासळी किंवा झिंगे ताटात असले तर तेही लोहाचं आणि जस्ताचं शोषण वाढवतात. भंडारा-गोंदियाच्या तलावपट्ट्यात ते सोपं आहे. अंड्याने तेवढा फायदा होत नाही.

चहाची वेळ आणि गोळ्यांची वेळ

चहात फायटेट नाही, पण त्यातलं टॅनिन लोहाला धरतं. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर वर केलेल्या कामावर पाणी फिरतं. जेवणानंतर निदान एक तास थांबा. हिवाळ्यात सकाळी भाकर आणि चहा एकदमच खायची सवय असेल तर चहा आधी उरकून तासाभराने भाकर खाणं हा पर्याय आहे. दूध आणि दह्यातलं कॅल्शियम लोहाला थोडं आडवं येतं, पण आंबवण्यासाठी वापरलेलं चमचाभर ताक त्या हिशेबात धरण्याइतकं नाही.

गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीतही तेच घडतं. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते भाकर-वरणासोबत घेतलं तर फायटेट त्यालाही धरतं. रिकाम्या पोटी सोसत असेल तर तेव्हा, नाही तर जेवणानंतर दीड-दोन तासांनी लिंबू-पाण्यासोबत घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. आहारातला हा बदल गोळीच्या जागी येत नाही. गरोदर नसलेल्या बाईचीही दिवसाची लोहाची गरज २०२० च्या भारतीय शिफारशीत २९ मिलिग्रॅम धरली आहे. नुसत्या ताटातून तिथं पोचणं या भागातल्या जेवणाला कठीण जातं.

हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून घरीच ठरवून लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. त्यातलं रक्त कमी असणं लाल पेशी लवकर फुटण्यामुळे असतं, लोह कमी असल्यामुळे नव्हे. त्यात गोळ्या खाल्ल्या तर लोह शरीरात साचू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, आणि गोळी किती, किती दिवस, हे तिथल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. आंबवलेली भाकर आणि मोडाचे मूग मात्र या पेशंटच्या घरातही चालतात, जेवणासोबत क जीवनसत्त्वाची फळं किती घ्यायची हे तेवढं विचारावं.